जमीन विकत घेण्याआधी सातबारा वाचायचा कसा? फेरफारांचे आकडे धरून मागे चला

जमीन दाखवणारा माणूस सातबारा हातात देतो, आपण त्यावर विकणाऱ्याचं नाव शोधतो, ते सापडलं की समाधानानं घडी घालून ठेवतो. सातबारा असा वाचला तर न वाचल्यासारखाच. नावाशेजारी कंसात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. ते नाव तिथे कसं आलं, हे त्या आकड्यामागे दडलेलं असतं, आणि जमिनीच्या व्यवहारातली बहुतेक भांडणंही तिथेच सापडतात.

एक गोष्ट आधी स्पष्ट असू द्या. सातबारा हा मालकी देणारा दस्त नाही. तो महसूल खात्याचा अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण मालकी मिळते ती खरेदीखत, वारसा, वाटप यांतून. म्हणून उतारा वाचायचा तो प्रत्येक नोंदीच्या मागचा दस्त शोधण्यासाठी.

आधी योग्य उतारा हातात घ्या

विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा. bhulekh.mahabhumi.gov.in वर विनाशुल्क दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. व्यवहारासाठी digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा काढा. जमीन गावठाणातली किंवा नगर भूमापन झालेल्या भागातली असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक लागेल. जमीन बिनशेती झाली असेल तर खाली नमुना १२ ची आवश्यकता नसल्याचा शेरा दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता एक काल्पनिक उतारा समोर ठेवू. गट क्रमांक २१२/२, एकूण क्षेत्र ०.८०.०० हेक्टर, म्हणजे ८० आर. (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा त्याहून जरासा मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर.) यात ४ आर पोटखराबा धरलेला आहे. थोरला भाऊ यातले २० आर विकतोय. त्याचं म्हणणं सरळ आहे: "उताऱ्यावर आम्ही तिघं. माझे सव्वीस आर होतात, त्यातले वीस देतो."

भूधारणा पद्धती: डाव्या बाजूची ही ओळ सोडू नका

गट क्रमांकाजवळ भूधारणा पद्धती लिहिलेली असते. "भोगवटादार वर्ग १" असेल तर विक्रीवर सहसा सरकारी परवानगीची अट नसते. "वर्ग २" असेल तर ती जमीन वतनाची, सरकारने वाटप केलेली किंवा कुळकायद्यातून मिळालेली असू शकते, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेली विक्री अडचणीत येते. नजराणा भरून वर्ग बदलला असं कुणी सांगितलं तर त्या बदलाचा फेरफार मागा. तोंडी "झालंय ते" चालणार नाही. आणखी एक: कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, तेव्हा खरेदीदारानेही स्वतःचा शेतकरी असल्याचा पुरावा आधी तपासावा.

आपल्या उदाहरणात वर्ग १ आहे.

भोगवटादारांची नावं

नावांच्या रकान्यात वडिलांचं नाव आडव्या रेषेने कमी केलेलं दिसतं. त्याखाली आई, थोरला आणि धाकटा अशी तीन नावं आहेत, कंसात (१४८२), आणि शेजारी "सामाईक क्षेत्र" असं लिहिलंय. या दोन शब्दांचा अर्थ इतकाच, की ८० आर तिघांचं मिळून आहे आणि कुणाचा तुकडा कुठला हे ठरलेलं नाही. विकणारा बांधावर उभा राहून "इथून तिथपर्यंत माझं" म्हणत असेल तरी कागदावर त्याला तसा आधार नाही. वाटप आणि पोटहिस्सा मोजणी झाल्याशिवाय घेतलेला हिस्सा अविभक्त राहतो, आणि मग चतु:सीमेवरून वाद होतो.

नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलेलं असेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तर त्या एका नावामागे सबंध कुटुंब आहे असं धरून चाला. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिथे अज्ञान मुलाचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागू शकते. मूल आता सज्ञान झालं असेल तर नोंद दुरुस्त करून घ्यायला सांगा.

फेरफार १४८२ उघडा

आता खरं काम. उताऱ्याच्या तळाशी "जुने फेरफार क्रमांक" अशी यादी असते. या उताऱ्यावर (९११), (१३१०), (१४८२), (१६५५) असे आकडे आहेत. प्रत्येक फेरफाराची, म्हणजे गाव नमुना सहामधल्या नोंदीची नक्कल काढा. अलीकडच्या नोंदी ऑनलाइन मिळतात. जुन्या aapleabhilekh.mahabhumi.gov.in वर स्कॅन झालेल्या असतील तर तिथे, नाहीतर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात.

१४८२ ही वडिलांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद. तिचा मजकूर असा: "मयत खातेदारास पत्नी, दोन मुले व दोन विवाहित मुली असे वारस. मुलींनी जबाबाने हक्क सोडल्याने पत्नी व मुलांची नावे दाखल." खाली मंडळ अधिकाऱ्याचा शेरा: "नोंद मंजूर."

मंजूर आहे म्हणून इथे थांबणारे पुष्कळ. पण स्थावर मिळकतीतला हक्क सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यासमोर दिलेला जबाब म्हणजे हक्कसोड नव्हे, आणि त्यावर फेरफार मंजूर झाला तरी मुलींचा हिस्सा संपत नाही.

हिस्सा किती, हे ठरवायला आणखी मागे जावं लागतं. ९११ सांगतो की वडिलांनी ही जमीन खरेदीखताने घेतली. म्हणजे ती वडिलोपार्जित नाही, त्यांची स्वतःची. हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर पत्नी, दोन मुले आणि दोन मुली असे पाच वारस समान. ८० भागिले पाच, म्हणजे प्रत्येकी १६ आर. थोरल्याला विकता येतात १६, तो विकतोय २०. वडिलोपार्जित असती तर हिस्से वेगळ्या रीतीने काढावे लागले असते, म्हणून ९११ सारखा जुना फेरफार आधी बघायचा. तिथेही तेच लक्षात ठेवा: फेरफारात खरेदीखताचा दस्त क्रमांक असतो, तो घेऊन मूळ खरेदीखत मागा.

मार्ग दोनच: दोघी बहिणींनी आणि आईनेही खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सही करणं, किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणि त्याचा फेरफार. "ताई काही म्हणणार नाहीत" यावर पैसे देऊ नका.

इतर अधिकार: बोजा कुठे, किती

उजवीकडच्या "कुळ, खंड व इतर अधिकार" या रकान्यात दोन ओळी आहेत. "विकास सोसायटी बोजा रु. १,२०,००० (१३१०)", ही आडवी रेषा मारून कमी केलेली. आणि "बँक बोजा रु. ६,००,००० (१६५५)", ही तशीच. बोजा ८० आरवर आहे, कुण्या एका भावाच्या हिश्श्यावर नाही.

थोरला म्हणतो, कर्ज फिटलंय. फिटलंही असेल. पण बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं बेबाकी पत्र तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) द्यावं लागतं, त्यावरून "बोजा कमी" असा नवा फेरफार पडतो, तो मंजूर झाल्यावर ओळीवर रेष येते. ती रेष येईपर्यंत थांबणं उत्तम. थांबायला वेळ नसेल तर किमतीतली तेवढी रक्कम थेट बँकेच्या कर्जखात्यात भरा आणि खरेदीखतात तसं लिहून घ्या.

उलट बाजूही असते. सातबारा कोरा दिसला म्हणून बोजा नाही असं होत नाही. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेलं कर्ज उताऱ्यावर चढलेलं नसू शकतं. म्हणून मूळ खरेदीखत, झेरॉक्स नव्हे, डोळ्यांनी पाहा. विकणारा ते दाखवायला टाळाटाळ करत असेल तर त्याचं कारण विचारा. दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक दोनचा शोध वकिलाकडून घ्या. वकील सहसा तीस वर्षांचा शोध घेतात. गहाणखत, साठेखत, न्यायालयात दावा चालू असल्याची नोटीस असे नोंदणीकृत दस्त त्यात सापडतात.

याच रकान्यात विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, भूसंपादन, पुनर्वसनासाठी विक्रीबंदी, "तुकडा" असे शेरे असतात. "तुकडा" दिसला तर लहान क्षेत्राच्या विक्रीवरची बंधनं तपासा. हे नियम गेल्या काही वर्षांत बदललेत, तेव्हा नोंदणी कार्यालयात सध्याची स्थिती विचारा.

प्रलंबित फेरफार

नव्या नमुन्यात उताऱ्यावर शेवटचा फेरफार क्रमांक आणि प्रलंबित फेरफार छापलेला येतो. इथे "प्रलंबित फेरफार: १७०२" असं आहे. हा आकडा अजून कुठल्या नावाशेजारी नाही, म्हणून नजरेतून सुटतो.

फेरफार नोंदवला की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आली तर ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. महाभूमीच्या "आपली चावडी"वर गाव निवडलं की या नोटिसा दिसतात. १७०२ तिथे पाहिला तर ती खरेदीची नोंद निघाली. धाकट्याने तिसऱ्याच माणसाला ४० आर विकले आहेत.

म्हणजे दोघा भावांनी मिळून ६० आर बाजारात काढले. दोघांचे कायदेशीर हिस्से मिळून ३२. त्या दुसऱ्या खरेदीदाराला आपल्याला दाखवलेलाच तुकडा दाखवला असण्याची शक्यता बरीच. हा व्यवहार पुढे न्यायचा असेल तर आधी पाच वारसांमध्ये नोंदणीकृत वाटप, धाकट्याच्या विक्रीचा निकाल, मग मोजणी आणि शेवटी खरेदी, या क्रमाने. नाहीतर दुसरी जमीन बघा. मी तरी दुसरी बघेन.

सगळं जुळलं तरीही

इसाऱ्याच्या वेळी काढलेला सातबारा खरेदीच्या दिवशी जुना झालेला असतो. मधल्या काळात बोजा चढू शकतो, नोंद पडू शकते. म्हणून खरेदीखताच्या दिवशी सकाळी नवा उतारा काढा आणि त्यावरचा शेवटचा आणि प्रलंबित फेरफार क्रमांक आधीच्या उताऱ्याशी ताडून पाहा. आकडा बदलला असेल तर नोंदणी कार्यालयात जाण्याआधी तो फेरफार वाचा. खरेदी झाल्यावर तुमच्या नावाचा फेरफार पडतो. त्याचा क्रमांक घेऊन ठेवा, पंधरा दिवसांची मुदत संपली की तो प्रमाणित झाला का पाहा, आणि मग तुमच्या नावापुढे क्षेत्र खरेदीखताइतकंच आलंय ना, हे आर आणि चौरस मीटरपर्यंत मोजून घ्या.