समतोल स्थिरांकाचे वर्कशीट हाती घेण्यापूर्वीची तयारी

समतोल स्थिरांक काढणे आणि समतोल कोणत्या बाजूला सरकेल हे सांगणे, असे दोन भाग वर्कशीटमध्ये वेगवेगळे छापलेले असतात. त्यामुळे पहिल्या भागात गणित करायचे आणि दुसऱ्या भागात पाठ केलेला नियम लिहायचा, अशी सवय सहज लागते. प्रत्यक्षात दोन्ही भागांना एकच साधन पुरते, ते म्हणजे अभिक्रिया भागफल Q आणि स्थिरांक K यांची तुलना. ही तुलना हातात बसावी म्हणून पुढील यादी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच अभिक्रियेवर तपासत न्यावी. त्यासाठी मी N₂O₄ ⇌ 2NO₂ ही अभिक्रिया घेतली आहे. यातील डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड रंगहीन असतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड तांबूस तपकिरी, त्यामुळे गणिताने सांगितलेला बदल डोळ्यांनीही पडताळता येतो.

सर्वांत आधी समीकरण संतुलित आहे का आणि दिलेला K नेमका त्याच समीकरणाचा आहे का, हे पाहून घ्यावे. २९८ केल्विनला वरील समीकरणासाठी Kc = ४.६ × १०⁻³ मोल प्रति लिटर धरला, तर उलट्या दिशेने लिहिलेल्या समीकरणाचा स्थिरांक त्याचा व्यस्त, म्हणजे सुमारे २१७ येतो, आणि सर्व सहगुणक निम्मे केले तर त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.०६८ येते. वायू तेच, नलिका तीच, तापमानही तेच असते. बदललेले असते ते फक्त लिखाण. म्हणूनच समीकरणाशिवाय लिहिलेला K अपुरा असतो, आणि उत्तरपत्रिकेत स्थिरांकाच्या सूत्राच्या वर समीकरण लिहिलेले असणे मला अत्यावश्यक वाटते.

त्यानंतर दिलेल्या राशी मोलमध्ये आहेत की संहतीमध्ये, हे तपासावे. येथे अभिकारकाचा एक रेणू मोडून उत्पादिताचे दोन रेणू होतात, त्यामुळे Kc च्या सूत्रात आकारमान कटून जात नाही. दोन लिटरच्या चंबूतील मोल तसेच सूत्रात घातले तर उत्तर थेट दुप्पट येते. दोन्ही बाजूंना वायूंचे मोल समान असलेल्या अभिक्रियेत हीच चूक केली तरी उत्तर बरोबर येते, आणि म्हणूनच ती बराच काळ लपून राहते.

आता गणिताची मांडणी. एक लिटरच्या बंद चंबूत ०.०४० मोल N₂O₄ घेतले आहे असे समजावे आणि प्रारंभ, बदल व समतोल अशा तीन ओळींचा तक्ता करावा. N₂O₄ ची संहती x ने घटली तर NO₂ ची संहती 2x ने वाढते. तक्त्यातील बदलाची ओळ सहगुणकांच्या प्रमाणातच हवी, तर सूत्रातील घातांक त्यानंतर वेगळा लावायचा असतो. (2x)² असे लिहायच्या ठिकाणी 2x² लिहिले जाणे ही या प्रश्नातील सर्वांत नेहमीची घसरण आहे, म्हणून कंस पूर्ण लिहावा. मग पुढील समीकरण मिळते:

(2x)² / (0.040 − x) = 0.0046, म्हणजेच 4x² + 0.0046x − 0.000184 = 0

येथे x लहान मानून छेदातून गाळण्याचा मोह होतो. तसे केल्यास x = ०.००६८ येतो, पण ही किंमत ०.०४० च्या १७ टक्के आहे. गाळलेली राशी सुरुवातीच्या संहतीच्या सुमारे ५ टक्क्यांपेक्षा मोठी निघाली तर ते गृहीतक मागे घ्यायचे असते, आणि वर्गसमीकरण पूर्ण सोडवायचे असते. पूर्ण सोडवल्यावर x = ०.००६२३ येतो, म्हणजे समतोलात NO₂ ची संहती ०.०१२४६ आणि N₂O₄ ची ०.०३३७७ मोल प्रति लिटर असते, आणि सुमारे १५.६ टक्के N₂O₄ विघटित झालेला असतो. वर्गसमीकरणाचे दुसरे उत्तर ऋण असल्याने ते सोडून द्यावे. मिळालेल्या संहती पुन्हा सूत्रात घालून ०.०४६ किंवा ०.४६ नव्हे, तर ०.००४६ च परत येतो का, हे पाहिल्याखेरीज पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नये. गृहीतकाने आलेला x याच कसोटीवर लावला तर ०.००५५ येतो आणि चूक तिथेच उघडी पडते.

संहतीतील बदलाच्या प्रश्नांसाठी हाच समतोल तयार ठेवावा. त्यात ०.०१० मोल NO₂ आणखी सोडला की त्या क्षणी NO₂ ची संहती ०.०२२४६ होते, N₂O₄ मात्र अजून आहे तेवढाच असतो, आणि Q ची किंमत ०.०१४९ भरते. Q हा K पेक्षा मोठा आहे, म्हणून अभिक्रिया डावीकडे, N₂O₄ तयार होण्याच्या बाजूला सरकते. इथवर ले शातेलिएचे तत्त्वही हेच सांगते. परंतु किती सरकते, हे ते सांगत नाही. नवा समतोल सोडवल्यास NO₂ ०.०१३२८ आणि N₂O₄ ०.०३८३६ येतो. म्हणजे बाहेरून घातलेल्या NO₂ पैकी बराचसा खर्च झाला, तरीही त्याची संहती पूर्वीच्या ०.०१२४६ पर्यंत खाली आलेली नाही. समतोल बदलाला विरोध करतो, तो बदल पुसून टाकत नाही, हे वाक्य याच आकड्यांसह लक्षात ठेवावे. ‘समतोल सरकला म्हणून K बदलला’ असे लिहायचा विचार आला, तर या दोन नव्या संहती सूत्रात घालून पाहाव्यात. उत्तर पुन्हा ०.००४६ च येते.

दाबाच्या प्रश्नात सर्वांत आधी विचारायचे ते हे की दाब कशामुळे बदलला. आकारमान निम्मे करून दाब वाढवला असेल, तर त्या क्षणी दोन्ही वायूंच्या संहती दुप्पट होतात: NO₂ ०.०२४९२ आणि N₂O₄ ०.०६७५४. अंशात वर्ग आहे आणि छेदात नाही, त्यामुळे Q हा K च्या बरोबर दुप्पट होतो आणि समतोल कमी मोल असलेल्या बाजूला, म्हणजे डावीकडे सरकतो. नवा समतोल सोडवल्यास NO₂ ०.०१८०७ आणि N₂O₄ ०.०७०९७ येतो, तर विघटनाचे प्रमाण १५.६ टक्क्यांवरून ११.३ टक्क्यांवर उतरते.

या ठिकाणी थोडे थांबावे, कारण पुष्कळ उत्तरे येथेच चुकतात. NO₂ चे मोल ०.०१२४६ वरून सुमारे ०.००९०३ वर आले, म्हणजे घटले. पण आकारमान निम्मे झाल्यामुळे त्याची संहती ०.०१२४६ वरून ०.०१८०७ वर गेली, म्हणजे वाढली. प्रश्न मोलबद्दल आहे की संहतीबद्दल, हे वाचल्याशिवाय ‘कमी होतो’ किंवा ‘वाढतो’ असे लिहू नये. पारदर्शक सिरिंजमध्ये हा वायू दाबल्यास बाजूने पाहणाऱ्याला रंग आधी एकदम गडद होताना आणि मग थोडा फिकट होताना दिसतो, पण अखेरचा रंग मूळ रंगापेक्षा गडदच राहतो. सिरिंजच्या लांबीच्या दिशेने पाहणाऱ्याला मात्र वायूचा थरही निम्मा झालेला असल्याने अखेरीस रंग मूळपेक्षा फिकट दिसतो. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, आणि कोणत्या बाजूने पाहिले हे प्रश्नात दिले नसेल तर उत्तरात आपणच नमूद करावे.

दाब वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे स्थिर आकारमानाच्या चंबूत आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू सोडणे. एकूण दाब वाढतो, पण NO₂ आणि N₂O₄ यांच्या संहती तशाच राहतात, Q बदलत नाही आणि समतोल जागचा हलत नाही. तोच आर्गॉन दाब स्थिर ठेवून सोडला, तर आकारमान वाढते, दोन्ही संहती घटतात, Q हा K पेक्षा लहान होतो आणि विघटन वाढते. ‘निष्क्रिय वायूचा परिणाम होत नाही’ हे विधान म्हणूनच ‘स्थिर आकारमानाला’ या शब्दांशिवाय अपुरे राहते.

तापमानासाठी विचाराची दिशा बदलावी लागते. आतापर्यंत Q बदलत होता आणि K स्थिर होता. येथे K स्वतःच बदलतो. N₂O₄ मधील दोन नायट्रोजन अणूंमधील बंध तोडण्यासाठी ऊर्जा लागते, त्यामुळे पुढची अभिक्रिया ऊष्माग्राही आहे आणि तिची ΔH सुमारे ५७ किलोज्यूल प्रति मोल आहे. व्हान्ट हॉफच्या समीकरणात Kp वापरायचा असतो, म्हणून आधी Kp = Kc·RT वरून २९८ केल्विनची किंमत ०.११४ बार काढावी. तापमान ३१८ केल्विन केल्यास Kp सुमारे ४.३ पट होतो, आणि RT ने पुन्हा भागल्यावर Kc सुमारे ०.०१८ येतो. मूळच्या ०.०४० मोल N₂O₄ पैकी आता २९ टक्क्यांच्या आसपास विघटित होतो आणि चंबूचा रंग गडद होतो. गणित करताना R ची दोन रूपे मिसळू नयेत: ΔH सोबत ८.३१४ ज्यूल आणि Kp काढताना ०.०८३१४ लिटर-बार, दोन्ही प्रति केल्विन प्रति मोल.

बंद चंबू तापवला की दाबही वाढतो, मग समतोल डावीकडे का सरकत नाही, हा प्रश्न विचारी विद्यार्थ्याला पडायलाच हवा. आकारमान तेच असल्याने तापवण्याच्या क्षणी संहती बदललेल्या नसतात, म्हणून संहतींवरून काढलेला Q तोच राहतो आणि वाढलेला असतो तो फक्त K. त्यामुळे दिशा उजवीकडचीच ठरते. उत्प्रेरकाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: तो Q बदलत नाही आणि K ही बदलत नाही, समतोल लवकर येतो इतकेच.

शेवटी प्रत्येक उत्तराखाली नायट्रोजनचा हिशेब मांडून पाहावा. N₂O₄ ची संहती आणि NO₂ च्या संहतीचा निम्मा भाग यांची बेरीज पहिल्या समतोलात ०.०४० यायला हवी, ०.०१० मोल NO₂ सोडल्यानंतर ०.०४५, आणि मूळ मिश्रणाचे आकारमान निम्मे केल्यानंतर ०.०८०. तापमान बदलल्यावर ती ०.०४० वरच राहते. K परत मिळाला पण ही बेरीज जुळली नाही, तर तक्त्यातील बदलाच्या ओळीत सहगुणक चुकला आहे. बेरीज जुळली पण K परत मिळाला नाही, तर वर्गसमीकरण सोडवताना किंवा x गाळताना चूक झाली आहे.