कर धरून खरा भाव काढा

पैजेचा भाव 1.90 असेल, म्हणजे 100 लावून जिंकल्यावर मूळ रकमेसह 190 परत येत असतील, तर ना नफा ना तोटा होण्यासाठी 1 भागिले 1.90, म्हणजे सुमारे 52.6 टक्के पैजा जिंकाव्या लागतात. कर आला की हा भाव कागदावरच राहतो. आधी पाहायचं ते हे, की कर कशावर आहे.

समजा, लावलेल्या रकमेतून 5 टक्के कापले जातात. 100 लावले तरी खेळात 95 च जातात आणि जिंकल्यावर 180.50 परत येतात. खरा भाव 1.805 झाला, म्हणजे आता 55.4 टक्के पैजा जिंकायला हव्यात. हाच 5 टक्के कर प्रत्येक पैजेच्या निव्वळ नफ्यावर असेल, तर 90 च्या नफ्यातले 4.50 जातात. भाव 1.855 आणि गरज 53.9 टक्के.

भाव जितका कमी, तितका रकमेवरचा कर जास्त चावतो. 1.05 ला 95 लागले तर जिंकूनही 99.75 च हातात येतात, म्हणजे दर वेळी जिंकलात तरी तोटाच. 10 च्या भावाला मात्र दोन्ही करांत फारसा फरक पडत नाही (9.50 आणि 9.55).

नियमांत एक ओळ जरूर शोधा: हरलेल्या पैजा नफ्यातून वजा करता येतात का? कर वर्षाच्या एकूण निव्वळ नफ्यावरच असेल, तर 52.6 चा आकडा हलत नाही. नफा झालाच तर तो तेवढा कमी होतो.