गाडीतल्या ब्लूटूथवर नावे येत नाहीत, आवाज लांबून येतो: काय करावे

फोन गाडीला जोडला तरी त्यातली नावे आपोआप स्टिरिओवर येत नाहीत. बोलणे आणि नावांची यादी ही ब्लूटूथची दोन वेगळी कामे आहेत आणि यादीसाठी फोन वेगळी परवानगी मागतो. पहिल्यांदा जोडताना घाईत ती नाकारली गेली, तर कॉल व्यवस्थित लागतात, पण यादी रिकामी राहते.

गाडी बाजूला उभी करून फोनची ब्लूटूथ सेटिंग उघडा. आयफोनवर गाडीच्या नावापुढच्या 'i' वर टेकवून 'Sync Contacts' चालू करा. अँड्रॉइडवर गाडीच्या नावापुढचे चाकाचे चिन्ह दाबा आणि संपर्कांची परवानगी द्या. फोन आणि गाडी पुन्हा जोडली की यादी येऊ लागते. हजारभर नावे असतील तर थोडा वेळ लागतो. तरीही यादी रिकामीच राहिली, तर फोनमधून गाडी आणि गाडीतून फोन, दोन्ही जोडण्या पुसा आणि नव्याने जोडा. एकाच बाजूने पुसले तर जुनी नोंद दुसरीकडे राहते आणि अडचण सुटत नाही.

नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर यादी आलेली आहे. त्या स्टिरिओत देवनागरी अक्षरेच नाहीत. नेहमी लागणारी चार-पाच नावे रोमन लिपीत साठवा.

आता आवाज. आधी विचारा, लांबचा आवाज कोणाला येतो? तुम्हाला येत असेल, तर कॉल चालू असतानाच स्टिरिओचा आवाज वाढवा. बहुतेक गाड्यांत कॉलचा आवाज गाण्यांच्या आवाजापासून वेगळा ठेवलेला असतो. समोरच्याला येत असेल, तर दोष बहुधा मायक्रोफोनच्या बाजूला आहे.

फोंड्याच्या एका शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीत बाहेरून बसवलेला स्टिरिओ होता. पणजीला जाताना त्यांचा आवाज घरच्यांना विहिरीतून आल्यासारखा वाटे. गाडी उभी करून घरी फोन लावला आणि नखाने आधी फोनवर, मग स्टिरिओच्या पुढच्या पट्टीवरच्या बारीक भोकावर टकटक केली. घरच्यांना दुसरीच टकटक मोठी ऐकू आली, म्हणजे चालू मायक्रोफोन स्टिरिओचाच होता, तोंडापासून हातभर लांब आणि एसीच्या झरोक्याशेजारी. (फोनवरची टकटक मोठी आली असती, तर कॉल गाडीकडे गेलेलाच नव्हता. तेव्हा कॉलच्या पडद्यावर ध्वनीचे बटण दाबून गाडीचे नाव निवडायचे.) एसीचा पंखा एकवर आणताच फरक पडला. त्या स्टिरिओच्या मागे बाहेरच्या मायक्रोफोनची जागा होती. वायरचा मायक्रोफोन चालकासमोरच्या काचेच्या खांबावर, तोंडाकडे वळवून लावला आणि स्टिरिओच्या सेटिंगमध्ये बाहेरचा मायक्रोफोन निवडला, तेव्हा आवाज जवळ आला. आपल्याकडच्या पावसात टपावर सरी कोसळू लागल्या की मात्र तोही कमी पडतो, तेव्हा कॉल थांबवलेलाच बरा.

समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर स्पीकरचा आवाज खाली आणा. तो मायक्रोफोनमध्ये परत शिरतो आहे.