नियमांची पाटी नव्याने लिहिताना

शाळेत नव्याने रुजू झालात की कधी ना कधी हे काम तुमच्या गळ्यात पडणारच: “ही नियमावली जरा मुलांना आवडेल अशी लिहून द्या.” माझ्याकडे ग्रंथालयाची पाटी आली होती. बोलू नये, दप्तर आत आणू नये, पुस्तके फाडू नयेत, उशीर झाल्यास दंड होईल. सगळा मजकूर असाच.

भाषेला हात लावण्याआधी नियम पाळून घेणाऱ्या माणसाकडे जा आणि प्रत्येक नियम कशासाठी आहे ते विचारा. दप्तराचं कारण साधं निघालं: कपाटांमधली वाट अरुंद, मुलं अडखळतात. मग वाक्य आपसूक सुचलं: “दप्तर दाराजवळच्या मांडणीत ठेवा, म्हणजे वाट मोकळी राहील.” मांडणीच नसेल तर आधी ती मागून घ्या. दप्तर ठेवायला जागाच नसेल तर गोड शब्दांचा काय उपयोग?

‘बोलू नये’ हा नियम खरा नव्हताच. ग्रंथपालबाई हळू बोलू देत होत्या. म्हणून लिहिलं, “शेजारच्या टेबलावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोला. मिळून वाचायचं असेल तर खिडकीजवळचं टेबल तुमचं.”

सगळ्यात जास्त वेळ फाटक्या पानांनी खाल्ला. शिक्षेच्या भीतीने मुलं फाटलेलं पुस्तक गुपचूप कपाटात सरकवतात, नाहीतर घरी सेलोटेप लावतात. तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदावर डाग सोडतो. नवं वाक्य असं: “पान फाटलं तर पुस्तक तसंच आणून द्या, आपण नीट चिकटवू.” पण हे आता शाळेनं दिलेलं वचन झालं. पुस्तक आणून देणाऱ्या पहिल्याच मुलाला बोलणी बसली, तर दुसरं कोणी येणार नाही. त्यामुळे बाईंचा होकार आधी घेतला, पाटी नंतर रंगवली.

दंड मात्र लपवू नका. “पुस्तक सात दिवस तुमचं. वाचून झालं नाही तर सातव्या दिवशी घेऊन या, मुदत वाढेल. त्यानंतर दंड लागतो.” तसंच प्रयोगशाळेतलं “रसायनांची चव घेऊ नका” हे वाक्य जसंच्या तसं ठेवा. जिथे इजा होऊ शकते तिथे स्पष्ट नकारच हवा.

मसुदा झाला की लहान वर्गातल्या एखाद्या मुलाला वाचायला द्या आणि विचारा, “आत गेल्यावर तू काय करशील?” उत्तर “छान वागेन” असं आलं, तर त्या वाक्यात काही नाही. ‘पुस्तकं आपले मित्र’ छापाची वाक्यं इथेच गळतात.

नवी पाटी मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा आणि जुनी त्याच दिवशी उतरवा. दोन्ही शेजारी राहिल्या तर मुलं जुनीच खरी मानतात.