केळीचं पुस्तक ६३४.७७२ वर: कॉल नंबर वाचायचा कसा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजात नव्यानं आलेली मुलं ग्रंथालयात बहुधा पुस्तकाच्या रंगावरून नाहीतर नावावरून शोधत फिरतात. मांडणी मात्र विषयाच्या आकड्यानं केलेली असते. बहुतेक कॉलेजांत त्यासाठी मेल्विल ड्यूई यांची १८७६ सालची दशांश पद्धत वापरतात.

समजा, केळी लागवडीचं पुस्तक हवं आहे. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत, शोधलं की ६३४.७७२ आणि त्याखाली 'पाटी' असं काहीतरी दिसतं. पहिला आकडा विषयाचा: ६०० तंत्रज्ञान, ६३० शेती, ६३४ फळबागा, ६३४.७७२ केळी. खालची अक्षरं लेखकाच्या आडनावाची. दोन्ही मिळून कॉल नंबर होतो आणि तोच पुस्तकाच्या कण्यावरच्या चिठ्ठीवर असतो. दाखल क्रमांक वेगळा, तो पुस्तक ग्रंथालयात कितवं आलं तेवढंच सांगतो. तो लिहून घेतला तर कपाटापाशी काहीच उपयोग होत नाही.

नवखे सगळ्यात जास्त अडखळतात ते टिंबाशी. टिंबापुढचे आकडे पूर्ण संख्या म्हणून वाचायचे नाहीत, एकेक अंक वाचायचा. आंबा ६३४.४४, केळी ६३४.७७२, द्राक्षं ६३४.८, याच क्रमानं पुस्तकं लागतात. 'सातशे बहात्तर आठापेक्षा मोठे' असं मनात आलं की माणूस द्राक्षांच्या पुढे जाऊन केळी शोधतो. टिंबानंतर पहिला अंक सात, तो आठाच्या आधी, इथंच निकाल लागला. आकडे सारखे असतील तेव्हाच अक्षरं बघायची: 'चौध' आधी, 'पाटी' नंतर.

कपाटाच्या बाजूला लावलेली आकड्यांची पाटी बघून ६३४ च्या कपाटाशी जा. एका कपाटात डावीकडून उजवीकडे वाचत वरच्या फळीवरून खालच्या फळीवर उतरायचं आणि शेवटची फळी संपली की पुढचं कपाट. वरची फळी धरून सगळ्या रांगेभर सरळ चालत गेलं तर क्रम तुटतो.

ओपॅक 'उपलब्ध' म्हणतंय पण पुस्तक जागेवर नाही? आधी ६३४.८ च्या आसपास बघा, कारण परत ठेवणाऱ्यानंही तीच टिंबाची चूक केलेली असू शकते. मग नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली आणि वाचनकक्षातली टेबलं बघा. नंबराआधी 'संदर्भ'ची खूण असेल तर ते संदर्भ विभागात असतं आणि सहसा घरी नेता येत नाही. ठेवताना अशी टिंबाची चूक होऊ शकते, म्हणूनच वाचून झालेलं पुस्तक स्वतः फळीत खुपसू नये, टेबलावरच राहू द्यावं. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं.

आणखी एक गोष्ट. रावेर-यावलच्या केळीचा बाजार, भाव, उत्पादनाचं अर्थकारण हा विषय असेल तर ६३४ पाशी थांबू नका. तो अर्थशास्त्रात, ३३८.१७४७७२ वर जातो. शेवटचे ४७७२ नीट बघा, ६३४.७७२ मधलेच आहेत, फक्त ६३ गळले. छोटी ग्रंथालयं एवढा लांब आकडा न लिहिता ३३८.१ वरच थांबतात, तेव्हा तिथं पुस्तकांची नावं वाचत जावं लागतं.