फोटोतल्या तक्त्यावरून राष्ट्रीय उत्पन्न काढताना या चुका टाळा

सूत्र तोंडपाठ, तरी उत्तर चूक. अशी वही समोर आली की मी आधी मूळ तक्त्याचा फोटो मागवते. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

परवाच्या तक्त्यात खाजगी उपभोग खर्च ६२०, सरकारी उपभोग खर्च १५०, स्थूल स्थिर भांडवल निर्मिती २१०, साठ्यातील बदल (–)१५, निर्यात ९५ आणि आयात १२० होती. खाली घसारा ६०, परदेशातून निव्वळ घटक उत्पन्न (–)१० आणि निव्वळ अप्रत्यक्ष कर ७०. मुलाने बाजारभावाने निव्वळ राष्ट्रीय उत्पादन ९२० काढलं, उत्तरसूचीत ८७०. फरक ५०.

वजा खूण सुटली की फरक त्या आकड्याच्या दुप्पट पडतो. म्हणून फरकाचं निम्मं करून तो आकडा शोधायचा, ही माझी जुनी सवय. निम्मे २५, आणि निर्यात वजा आयात बरोब्बर –२५! मुलगा तासभर आयात-निर्यातीच्याच मागे लागला. ती ओळ मात्र त्याने बरोबर मांडली होती. साठा आणि घटक उत्पन्न, दोन्हींपुढची कंसातली वजा खूण अंधुक फोटोत पुसली गेली होती. १५ आणि १० मिळूनही २५च होतात.

सगळं एका ओळीत उरकलं की असं होतं. घाई करणाऱ्यांना एक मधली पायरी फार जड जाते. स्थूल देशांतर्गत उत्पादन आधी वेगळं लिहा: ६२० + १५० + २१० – १५ + (९५ – १२०) = ९४०. मुलाचं आलं होतं ९७०. फरक ३०, निम्मे १५, म्हणजे साठा. आयात-निर्यातीचा संशय तिथेच फिटतो. मग ९४० – ६० – १० = ८७०. घटक किमतीने हवं असेल तर आणखी ७० वजा, म्हणजे ८००.

तक्त्यात ‘स्थूल भांडवल निर्मिती’ असेल तर साठ्यातील बदल तिच्यात आलेलाच असतो; तो पुन्हा मिळवू नका. ‘निव्वळ’ असेल तर स्थूल देशांतर्गत उत्पादन काढताना घसारा आधी मिळवा, नाहीतर शेवटी तो दोनदा वजा होतो. निवृत्तिवेतनासारखी हस्तांतरित देणी दिसली की सरळ काट मारा.

पान वाकडं असेल तर लांबलेल्या नावाचा आकडा खालच्या ओळीला चिकटलेला दिसतो. फोटोवरून थेट आकडेमोड मला मुळीच पसंत नाही. तक्ता आधी कागदावर उतरवा, प्रत्येक आकड्यापुढे अधिक किंवा वजा स्वतःच्या हाताने लिहा. साठा आणि घटक उत्पन्न या दोन ओळींची खूण दिसत नसेल तर अंदाज करू नका, फोटो पुन्हा मागवा. इतर बहुतेक ओळींचं चिन्ह सूत्रावरून कळतं, या दोन मात्र अधिकही असू शकतात आणि वजाही.