ब्रॅकेटचं स्टॅटिक स्ट्रेस अ‍ॅनालिसिस: फिक्स्चर, लोड आणि मेशमधल्या या चुका टाळा

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये द्राक्षबागेच्या ब्लोअरसाठी एल ब्रॅकेट बनतंय. माइल्ड स्टीलची ६ मिमी जाड, ६० मिमी रुंद पट्टी काटकोनात वाकवलेली. उभा पाय ८० मिमीचा, बेंडपासून ३० मिमी खाली शेजारीशेजारी दोन एम-१० बोल्ट. आडवा हात १३० मिमीचा, आणि त्यावर बेंडपासून १०० मिमीवर ५०० न्यूटनचं वजन. मटेरियलची यील्ड २५० एमपीए धरू.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा. बेंडपाशी मोमेंट ५०० × १०० म्हणजे ५०,००० न्यूटन-मिमी. पट्टीचं सेक्शन मॉड्युलस ६० × ६² ÷ ६ म्हणजे ३६० घनमिमी. भागाकार केला की स्ट्रेस सुमारे १३९ एमपीए येतो. हा आकडा हाताशी नसेल तर पुढं स्क्रीनवर काहीही आलं तरी खरं वाटतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उभ्या पायाची अख्खी मागची बाजू फिक्स्ड करून टाकणं. एका क्लिकचं काम, म्हणून सगळे तेच करतात. मग बेंडजवळ १४०च्या आसपास आकडा दिसतो, वजनाखालचा भाग पाऊण मिलिमीटर खाली जातो आणि रिपोर्ट पास होतो. शेडमधला फिटर मात्र वजन लटकवून फिलर गेज घालतो आणि म्हणतो, "साहेब, वरनं फट पडतीया बघा." त्याचं बरोबर आहे. भिंत ब्रॅकेटला मागून ढकलते, पण ओढून धरत नाही. ओढून धरतात ते फक्त बोल्ट. त्यामुळे बोल्टच्या वरचा ३० मिमीचा तुकडाही वाकतो, आणि तेवढ्यानंच वजनापाशी खाली जाणं पाऊणवरून दीड मिलिमीटरच्या घरात पोचतं.

स्ट्रेसचं तर आणखी वाईट. तोच ५०,०००चा मोमेंट बोल्टच्या रेषेपर्यंत खाली येतो, आणि तिथं ११ मिमीची दोन भोकं रुंदी खाऊन बसलेली असतात. उरले ३८ मिमी, मॉड्युलस २२८, म्हणजे सरासरी स्ट्रेसच सुमारे २१९ एमपीए. भोकाच्या काठावरची वाढ वेगळी. धोक्याची जागा बेंड नसून बोल्टची रेषा होती, आणि आपणच ती फिक्स्ड करून झाकून टाकली होती.

म्हणून भोकाभोवती वॉशरएवढं, साधारण २० मिमी व्यासाचं वर्तुळ वेगळं काढून तेवढंच धरा. मागच्या बाजूला कडक भिंत मानून तिच्याशी कॉन्टॅक्ट द्या, म्हणजे टेकता येईल आणि सुटताही येईल. कॉन्टॅक्टऐवजी रोलर देऊन चालणार नाही, कारण तो सुटूच देत नाही.

लोडमध्ये फसगत होते ती जागेची. ५०० न्यूटन हाताच्या पूर्ण वरच्या पृष्ठावर पसरले, की त्यांचा मध्य ६५ मिमीवर येतो आणि मोमेंट ५०,०००चा ३२,५०० होऊन बसतो. वजन हातावर जिथं बसतं तिथंच द्या. भाराचा मध्य ब्रॅकेटच्या बाहेर असेल, तर रिमोट लोड वापरा. एकाच नोडवर मात्र देऊ नका, तिथं खोटा लाल ठिपका उमटतो. रन संपल्यावर रिअ‍ॅक्शन फोर्स बघायची सवय ठेवा. उभ्या दिशेला ५००च्या जागी ५० दिसले, तर कुणीतरी किलोचा आकडा न्यूटनच्या खान्यात टाकलाय.

आता मेश. बेंडचा आतला कोपरा मॉडेलमध्ये धारदार ठेवला असेल, तर मेश कितीही बारीक करा, आकडा थांबणार नाही. काटकोनी आतल्या कोपऱ्यात एलिमेंट निम्मं केलं की स्ट्रेस दर वेळी साधारण एक तृतीयांशानं चढत जातो. हा गणिताचा खेळ आहे, त्यावरून जाडी वाढवू नका. प्रेसवर वाकवलेल्या पट्टीला आतून गोलाई असतेच. ती मॉडेलमध्ये काढा आणि त्या कमानीवर पाच-सहा एलिमेंट बसवा. वॉशरच्या वर्तुळाच्या काठावरही असाच खोटा शिखर-आकडा येतो, म्हणून तिथला आकडा न घेता काठापासून एक जाडी लांबचा वाचा.

जाडीत निदान दोन एलिमेंट हवेत, तेही सेकंड ऑर्डर. ड्राफ्ट दर्जाचा एकच एलिमेंट जाडीत बसवला, तर पट्टी आहे त्यापेक्षा ताठ वागते आणि स्ट्रेस कमी दाखवते. सगळं मॉडेल बारीक करून रात्रभर कॉम्प्युटर तापवण्यात अर्थ नाही. भोकांभोवती आणि बेंडवरच बारीक करा. मेश तिथं निम्मी केल्यावर आकडा पाच टक्क्यांच्या आत हलला, तर पुरे.

आणि हे सगळं उभ्या मशीनचं उत्तर. ब्लोअर ट्रॅक्टरमागं सरींतून आदळत जाणार असेल, तर २१९ची पट्टी आत्ताच जाड करा किंवा बोल्ट बेंडच्या जवळ घ्या. फटिगचा हिशेब स्टॅटिक रनमध्ये नसतो.